एकोणिसाव्या मजल्यावरचा होम

*ताई, आम्ही कांजूरमार्गला एकोणिसाव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतलाय. माघात वास्तुशांत करायची आहे. सासूबाईंचा आग्रह आहे की १०८ आहुत्यांचा होम झालाच पाहिजे. गुरुजी म्हणतात, काही होत नाही, मी टॉवरमध्ये नेहमी करतो. सेक्रेटरी म्हणतात, अलार्म वाजला तर दंड लावू. नवरा म्हणतो, डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधू आणि मेन दार उघडं ठेवू, धूर निघून जाईल. हॉल ११ बाय १७ आहे, छताला दोन स्प्रिंकलर आणि मध्ये एक डिटेक्टर. सासूबाईंना थोडा दमा आहे. होम करावा का, आणि करायचा तर कसा?*
*— एक वाचक, कांजूरमार्ग*

ताई,

होम करा. पण पिशवी नको, आणि मेन दार तर मुळीच उघडं नको.

आधी दाराचंच सांगते, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. तुमच्या दाराबाहेर लिफ्टची लॉबी आहे आणि तिच्या छतालाही डिटेक्टर आहे. तो तुमच्या घराचा नाही, अख्ख्या इमारतीचा आहे. काही वर्षांपूर्वी मुलुंडला आमच्या नात्यातल्या एका घरी मी वास्तुशांतीला गेले होते. हॉलमध्ये डोळे चुरचुरायला लागले म्हणून कुणीतरी मेन दार सताड उघडलं. पाच मिनिटांत लॉबीतला डिटेक्टर बोलला, सगळ्या मजल्यांवर हूटर सुरू झाले, लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन थांबल्या. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं जिन्याने उतरू लागली. एक आजोबा रेलिंग धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होते, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. घरात काहीच जळलं नव्हतं. धूर फक्त चुकीच्या दाराने बाहेर गेला होता. लॉबी आणि जिना ही आग लागल्यावर माणसांनी सुटायची वाट असते, तिथे धूर सोडायचा नसतो. होम चालू असेपर्यंत मेन दार बंद ठेवा आणि दाराखालच्या फटीला ओलं फडकं लावा. पाहुणे येणारच, तेव्हा दाराशी एक माणूस बसवा. पटकन आत घ्यायचं आणि दार लोटायचं.

मग धूर जाईल कुठून? तुमच्या फ्लॅटला बाल्कनीचं सरकतं दार एका अंगाला आणि स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या अंगाला असेल, तर एका बाजूने हवा आत येईल आणि दुसरीने बाहेर जाईल. कोणती आतली आणि कोणती बाहेरची, हे अंदाजाने ठरवू नका. होमाच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळेला, एक उदबत्ती पेटवा आणि दोन्ही उघड्या जागांपाशी छातीच्या उंचीवर पाच पाच मिनिटं धरून उभ्या राहा. धुराची रेघ घरात वळली तर ती हवा आत येण्याची बाजू, बाहेर ओढली गेली तर जाण्याची. मुंबईत थंडीच्या दिवसांत सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेकडून. त्यामुळे सकाळी नऊला बरोबर असलेली मांडणी दुपारी एकला उलटू शकते. मुहूर्त सकाळचा असेल तर तो लांबवू नका. नैवेद्य, आरती, जेवणं मागाहून होऊ द्या, अग्नी सकाळच्या वाऱ्यातच आटपा.

कुंड हवा बाहेर जाण्याच्या बाजूला जवळ मांडा, पण पडद्यापासून आणि बाल्कनीच्या दारापासून चार फूट आत. पडदे काढूनच ठेवा. होम बाल्कनीत नको. एकोणिसाव्या मजल्यावर वारा कसा फिरेल त्याचा नेम नसतो, कबुतरांसाठी लावलेली जाळी नायलॉनची असते आणि वरच्या बाल्कनीत कुणाची तरी साडी वाळत असते. छताचा पंखा बंद ठेवा, तो वर चढलेला धूर पुन्हा खाली ढकलतो आणि ठिणग्या उडवतो. एसी लावून उपयोग नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. बाथरूमचा एक्झॉस्ट मात्र चालू ठेवा आणि त्याचं दार थोडं उघडं असू द्या. स्वयंपाकघरातल्या चिमणीखाली होम करायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तिच्या जाळीत तेल साठलेलं असतं. गुरुजी आग्नेय कोपरा मागतील. बहुतेक फ्लॅटमध्ये तिथे ओटा आणि गॅसची पाइपलाइन असते. हॉलचा स्वतःचा आग्नेय कोपरा धरला तर चालेल का, एवढं त्यांना विचारा. तोही डिटेक्टरच्या किंवा स्प्रिंकलरच्या खाली येत असेल, तर जागेची ही अडचण त्यांच्यापुढे आधीच ठेवा.

आता आगीकडे येते. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे. धूर होतो तो धुमसण्याने आणि ज्वाळा चढते ती तुपाने. धुराने डिटेक्टर वाजतो, उष्णतेने स्प्रिंकलर फुटतो. म्हणून ज्वाळा सतत जिवंत हवी आणि सतत लहान हवी. विझत आलेली नको, भडकलेलीही नको.

जिवंत ठेवायची तर लाकूड कोरडं हवं. बाजारातून समिधांची आणि आंब्याच्या ढलप्यांची जुडी आणतो ती बऱ्याचदा आतून ओली असते. दोन काटक्या एकमेकींवर आपटून पाहा. टणक, खणखणीत आवाज आला तर वाळलेल्या, भद्द आवाज आला तर ओल्या. मोडताना टचकन तुटायला हवी, वाकून साल लोंबायला नको. समिधा आठ दिवस आधी आणा, चार-पाच दिवस उन्हात ठेवा आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण आपल्या हवेत उघडं लाकूड पुन्हा दमट होतं. समिधा वीतभर लांब आणि अंगठ्यापेक्षा जाड नको असं सांगतात. आगीच्या दृष्टीनेही ते माप चांगलं आहे. बारीक काटकी लगेच पेट घेते आणि पूर्ण जळते, जाड ओंडका तासभर धुमसतो. सगळं मिळून पाव किलो लाकूड पुरे होतं.

घरात नुकतंच फर्निचर झालं असेल तर सुताराकडचे प्लायचे तुकडे आयतेच पडलेले असतात. ते कुंडात घालू नका. त्यातला डिंक आणि रंग जळून निघणारा धूर विषारी असतो. गोवऱ्या घालायच्याच असतील तर तळहाताएवढा एकच तुकडा, तोही खडखडीत वाळलेला. गोवरी सावकाश धुमसते आणि बंद घरात तेच नको आहे. तयार हवनसामग्रीच्या पुड्यांत भुसा आणि सुगंधी तेल भरपूर असतं, चिमूटभर टाकलं तरी पांढरा धूर उठतो. त्यापेक्षा तीळ, जव, तांदूळ घरचे घ्या. तीळ तडतडतात, म्हणून मुलांना थोडं मागे बसवा. चरू म्हणजे शिजलेला भात, तो ओला असतो. सुपारीएवढा घास टाकला तर ज्वाळा दबते आणि धूर होतो, चार-पाच शितं पुरतात. पेटवायला कापराच्या दोन वड्या खाली ठेवायच्या आणि डबी लांब न्यायची. पेटत्या ज्वाळेवर डबीतून कापूर ओतणं किंवा रॉकेल, सॅनिटायझर असलं काही शिंपडणं फार धोक्याचं आहे. ज्वाळा धारेवरून थेट हातापर्यंत येते.

तुपाचा विषय मी सावकाश मांडते, कारण भीती लाकडापेक्षा त्याची जास्त आहे.

एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली तूप, साधारण साडेचार ग्रॅम भरतं. ते जळताना जी उष्णता निघते, तेवढी गॅसच्या मोठ्या बर्नरमधून निघायला एक मिनिटाहून जास्त लागतो. होमात तीच उष्णता दहा-वीस सेकंदांत बाहेर पडते. चमच्यामागे वीस सेकंद मिळाले तर ज्वाळा फूटभर उठते आणि बसते, त्यात काही वावगं नाही. पण घरोघरी होतं काय, तर कुंडाभोवती यजमान, त्यांची पत्नी, सासूबाई, दीर, जाऊ असे पाच जण बसतात. प्रत्येकाच्या हातात पळी आणि "स्वाहा" म्हटलं की पाचही पळ्या एकदम रिकाम्या. आहुती एक, पण तूप पाचपट. असं दर दहा सेकंदांना चाललं की वीस-पंचवीस आहुत्यांनंतर कुंडात न जळलेलं तूप साठायला लागतं. कुंड तापलेलं असतं आणि एका क्षणी सगळंच पेटतं.

म्हणून तूप एकानेच घालायचं. बाकीच्यांनी तीळ, समिधा, चरू घ्यावा. यजमानांच्या हाताला लागून बसलं की आहुती सगळ्यांची झाली, हे सासूबाईंना गुरुजींकडूनच सांगवा. त्यांनी सांगितलेलं घरात लवकर पटतं.

१०८ चा हिशेब असा. दर आहुतीला पाव चमचा, म्हणजे सव्वा मिली. १०८ वेळा मिळून १३५ मिली, एक मध्यम वाटी. वीस सेकंदाला एक आहुती धरली तर छत्तीस मिनिटं लागतात. अशा बेताने तुपाची सरासरी उष्णता एका मोठ्या बर्नरइतकीच राहते, लाकडाची त्यावर वेगळी. आता तेच भरलेल्या पळीने, ५ मिलीप्रमाणे करा, अर्धा लिटरहून जास्त तूप लागेल. गुरुजींच्या यादीत "तूप एक किलो" लिहिलेलं असतं ते त्या हिशेबाने. त्यात पंचामृताचं, निरांजनाचं तूपही धरलेलं असतं, पण उरलेलं सगळं पूर्णाहुतीला ओतलं जातं. त्या दिवशी सकाळी १५० मिली तूप मोजून एका स्टीलच्या वाटीत काढा आणि बरणी झाकण लावून स्वयंपाकघरात ठेवा. कुंडाजवळ फक्त ती वाटी. ती संपली की तूप संपलं. पळीही लहान निवडा, कुंकवाच्या करंड्यातल्या चमच्याएवढी. मोठ्या पळीने पाव चमचा घालायचं ठरवलं तरी मंत्राच्या लयीत हात सैल सुटतोच.

तूप नेहमी ज्वाळेवर घाला, निखाऱ्यावर नको. ज्वाळा विझून नुसते निखारे राहिले असतील तेव्हा तूप पडलं की ते जळत नाही, करपतं, आणि जो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो तो डिटेक्टर लगेच पकडतो. पुष्कळांना वाटतं की तूप कमी घातलं म्हणून धूर झाला आणि मग ते आणखी घालतात. तसं नसतं. आधी दोन कोरड्या काटक्या लावा, ज्वाळा वर येऊ द्या, मग तूप. गुरुजींना तेवढं अर्धं मिनिट थांबायला सांगा.

पूर्णाहुती. मुलुंडच्या ज्या घराचं सांगितलं, तिथे अलार्म बंद करून, लोकांची माफी मागून पुढचा विधी पुरा केला आणि शेवटी वसोर्धारा झाली. तुपाची अखंड धार. शंभरेक मिली तूप मिनिटाभरात जळलं तर ढोबळ हिशेबाने पंचवीस बर्नर एकदम पेटल्याएवढी उष्णता होते. ज्वाळा तीन फूट चढते आणि नऊ फुटांच्या छतापाशी हवा ऐंशी अंशांच्या आसपास जाऊ शकते. घरातल्या स्प्रिंकलरमध्ये लाल द्रव भरलेली काचेची नळी असते, ती ६८ अंशांना फुटते. त्या दिवशी कुंडाच्या बरोबर वर एक स्प्रिंकलर होता आणि तो फुटला. सिनेमात दाखवतात तसे सगळे फुटत नाहीत, तापलेला तेवढाच फुटतो. पण त्या एकातून मिनिटाला साठ लिटरहून जास्त पाणी पडतं आणि वर्षानुवर्षं पाइपात उभं राहिलेलं ते पाणी काळं, कुबट असतं. खालचा व्हॉल्व्ह बंद करायला माणूस येईपर्यंत वीस मिनिटं गेली. वास्तुमंडल, चौरंग, नवी गादी, सगळं त्या पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे पेटत्या तुपावर वरून पाणी पडलं. तुपाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटतं तूप उडवते. यजमानांच्या मनगटावर अजून डाग आहे.

तुम्ही असं करा. खोबऱ्याची अर्धी वाटी घ्या, तिच्यात दोन चमचे तूप आणि एक सुपारी ठेवा, ती चिमट्याने ज्वाळेवर ठेवा आणि सावकाश जळू द्या. अख्खा नारळ नको. आत पाणी आणि हवा कोंडलेला नारळ तापून फुटतो आणि निखारे खोलीभर फेकतो. वर लाल वस्त्र गुंडाळायचं तर ते सुतीच हवं, दुकानात मिळणारी चकचकीत लाल जरीची चौकोनी कापडं पॉलिस्टरची असतात, ती वितळून थेंब थेंब पेटती पडतात. वसोर्धारेचा आग्रह असेल तर वाटीतलं उरलेलं तूप त्याच लहान पळीने, थांबून थांबून, दहा वेळा. हे गुरुजींशी आठवडाभर आधी बोलून घ्या. त्या दिवशी मंत्र चालू असताना कुणी कुणाला अडवत नाही.

कुंड तांब्याचं, नऊ-दहा इंचांचं घ्या, त्याहून मोठं नको. कुंड लहान असलं की आगही आपोआप लहान राहते. तांबं तापलं की खालची टाइल तडकते, लाकडी फ्लोअरिंग तर काळंच पडतं. मोठ्या स्टीलच्या परातीत दीड इंच कोरडी वाळू, वर मध्ये बोटभर जागा सोडून मांडलेल्या विटा, त्यांवर कुंड. विटा आणि वाळू दोन्ही आधी उन्हात वाळवा. ओली वीट तापली की तिचे कपचे उडतात. परात कुंडाच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर यायला हवी म्हणजे उडालेला निखारा तिच्यातच पडेल.

नव्या घरात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. फर्निचरचं पॉलिश आठवड्यापूर्वी झालेलं असतं आणि थिनरचा अर्धा डबा, फेव्हिकॉल, थर्मोकोल, खोके सगळं बाल्कनीत किंवा बेडरूममध्ये कोंबलेलं असतं. थिनरची वाफ दिसत नाही, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्वाळेनेही पेटते. पॉलिशचा वास येतोय तोवर घरात होम करू नका. थिनरचा डबा रिकामा वाटला तरी सुताराला घेऊन जायला लावा, रिकाम्या डब्यात वाफच भरलेली असते.

आता डिटेक्टर. आधी खुर्चीवर चढून त्याच्याकडे नीट पाहा. रंगकाम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून त्यावर लाल किंवा केशरी प्लॅस्टिकची टोपी घालतात आणि नव्या इमारतींत ती काढायचीच राहून जाते. टोपी असेल तर तुमचा डिटेक्टर आजवर आंधळाच होता. मुकाट्याने तशीच ठेवून होम उरकायचा मोह होईल. पण होमानंतरही ती तशीच राहील आणि एखाद्या रात्री शॉर्टसर्किट झालं तर कुणाला कळणार नाही. पिशवीचंही तेच. बांधणारा बांधतो, जेवणाच्या गडबडीत सोडायची राहते. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यावर आहे. पिशवी बांधलेला डिटेक्टर त्यात बसत नाही.

सरळ मार्ग असा. पंधरा दिवस आधी सेक्रेटरींना लेखी द्या. तारीख, वेळ सकाळी नऊ ते बारा, कुंडाचं माप, तुपाचं माप, कोण लक्ष ठेवणार. सोबत एक प्रश्न विचारा: आपलं पॅनेल प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखतं का? नव्या टॉवरमध्ये बहुतेक ओळखतं आणि मग फायर कंट्रोल रूममधला माणूस फक्त तुमच्या हॉलचा डिटेक्टर तेवढा वेळ बाजूला काढून ठेवू शकतो. जुन्या पद्धतीच्या पॅनेलवर अख्खा मजला एक झोन असतो. तो बंद करायचा म्हणजे शेजाऱ्यांचं संरक्षणही काढून घेणं, ते मागू नका. तिथे सोसायटीने होम तळमजल्यावर किंवा क्लबहाऊसच्या मोकळ्या जागेत करू द्यावा, हा जास्त चांगला तोडगा. स्प्रिंकलरचं पाणी मात्र कुठल्याही कारणाने बंद करायला लावू नका. जेव्हा घरात मुद्दाम आग पेटवलेली असते तेव्हाच त्याची गरज जास्त असते. कुंड दोन्ही स्प्रिंकलरपासून जितकं लांब जमेल तितकं ठेवा, निदान सहा फूट आडवं अंतर.

डिटेक्टर बाजूला काढलेला आहे तेवढा वेळ त्याचं काम माणसाने करायचं. तुमचे दीर असोत की भाचा, त्याने पूजेला बसायचं नाही. जवळ कुंडापेक्षा मोठं जाड पातेलं पालथं घालायला, बादलीभर कोरडी वाळू, सांडशी आणि फोन. तूप भडकलं तर पातेलं पालथं घालायचं आणि हात काढून घ्यायचा, लगेच उचलून बघायचं नाही. पाण्याची बादली असू द्या, पण ती कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला किंवा हात भाजला तर. तुपावर पाणी कधीच नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली, वर तूप किंवा टूथपेस्ट चोळायची नाही. आटोक्याबाहेर गेलं तर सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घ्यायचं आणि १०१. बारा वाजता कंट्रोल रूमला फोन करून डिटेक्टर परत चालू झाल्याचं विचारा आणि कुणाला तरी खाली पाठवून पॅनेलवर पाहून यायला सांगा.

कपड्यांचं थोडक्यात. सोवळं म्हणून जे नेसतात ते हल्ली बऱ्याचदा पॉलिस्टरचं असतं आणि वितळून अंगाला चिकटतं. सुती साडी, पदर खोचलेला, यजमानांचं उपरणं कमरेला बांधलेलं.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि इनहेलर त्यांच्या हातात द्या, पर्समध्ये नको. त्यांना हवा आत येते त्या बाजूला बसवा, म्हणजे धूर त्यांच्यापासून लांब जातो. संकल्पाला आणि पूर्णाहुतीला त्यांनी यावं, मधला वेळ बेडरूममध्ये दार लावून, खिडकी उघडी ठेवून बसावं. खोकला वाढला तर होम तिथेच थांबवायचा, आकडा कितीही राहिला असो. घरात कुणाला ऑक्सिजनचं मशीन लागत असतं तर मी होम करूच नका म्हटलं असतं. तसंच उदबत्तीच्या परीक्षेत धूर दोन्हीकडे जागच्या जागी घुटमळला, तर तुमच्या घरात होम होत नाही असं समजा. मग उदकशांत करा. तिच्यात पाण्याच्या कलशावर मंत्र म्हणतात, होम लागत नाही. सासूबाईंना हे आजच सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी मन दुखावणार नाही.

शेवटची काळजी होम संपल्यावरची आहे आणि मला सगळ्यात जास्त तीच वाटते. दही-दूध शिंपडून अग्नी शांत करतात, ते ज्वाळा पूर्ण बसल्यावर, निखाऱ्यांवर, चार थेंब. मग माणसं जेवायला बसतात, उकाडा होतो, कुणीतरी खिडक्या लावून एसी चालू करतं आणि कुंड कोपऱ्यात धुमसत राहतं. धूर दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धुराचा डिटेक्टर तो ओळखत नाही. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर ती उपासाची किंवा जागरणाची म्हणून सोडू नका. सगळ्यांना उघड्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. कुंड थंड होईपर्यंत खिडक्या उघड्याच, एसी बंद, आणि त्या हॉलमध्ये त्या रात्री कुणीही झोपायचं नाही. पाहुणे राहणार असतील तर त्यांच्या गाद्या बेडरूममध्ये घाला. निखारे राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतात. म्हणून जेवणानंतर सांडशीने राख उकरा, लाल काही दिसलं तर त्यावर कोरडी वाळू पसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळहात राखेवर इंचभर उंचीवर धरून पाहा. ऊब लागली नाही तर पुन्हा एकदा उकरून बघा आणि मगच राख स्टीलच्या डब्यात काढा. कचऱ्याच्या पिशवीत किंवा सोसायटीच्या शूटमध्ये त्या दिवशी टाकू नका. डबा आणखी एक दिवस बाल्कनीच्या फरशीवर झाकण लावून राहू द्या, जाळीपासून आणि खोक्यांपासून लांब.